निवड यादी, १४ लाखाचं पॅकेज आणि मधले काही महिने

ताई, मी २७ वर्षांचा, राहायला कळव्याला, बीई सिव्हिल. घणसोलीच्या एका कन्सल्टन्सीत प्लॅनिंग इंजिनिअर आहे, हातात ४६ हजार येतात. राज्य सरकारच्या कनिष्ठ अभियंता भरतीत निवड यादीत नाव आलंय, कागदपत्र पडताळणी पण झाली, ऑर्डर अजून नाही. त्यात महापेच्या एका कंपनीने १४ लाखाचं पॅकेज दिलंय, डेटा सेंटर बांधायचं काम, कंपनी चार वर्षांची. दहा दिवसांत हो-नाही सांगायचंय. बाबांची ठाणे-बेलापूर रोडवरची कंपनी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो, ते म्हणतात सरकारी सोडलीस तर माझ्याशी बोलू नकोस. बायको म्हणते ३८ हजार बेसिकवर आयुष्य काढणार का. घराचा हप्ता २२ हजार, कमावणारा मी एकटाच. काय करू?
– गोंधळलेला, कळवा

अरे गोंधळलेल्या, तुझं पत्र लांब होतं, वर थोडक्यात दिलंय. आधी एक सांगते, आज तुझ्यासमोर दोन नोकऱ्या नाहीतच. एकच आहे, महापेची. निवड यादीत नाव म्हणजे ऑर्डर नव्हे. यादीनंतर चारित्र्य पडताळणी, मेडिकल, जातीचा दाखला लागत असेल तर व्हॅलिडिटी, मग विभाग वाटप, मग नियुक्ती आदेश, आणि मध्ये कोणी मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, किंवा हायकोर्टात गेला तर सगळं तिथेच अडकून पडतं. किती महिने लागतील हे खात्यातला माणूस पण छातीठोक सांगू शकत नाही. त्यामुळे ऑर्डर हातात नसताना दुसरीकडे नाही म्हणून टाकायचं आणि यादीच्या भरवशावर बसायचं, हे मला पटत नाही. आणि बाबांशी भांडणही आत्ता कशाला, भांडायचा दिवस अजून यायचाय.

पण तो दिवस येईल तेव्हा तयारी हवी म्हणून आधी पैशाचा हिशोब करू. तुमच्या घरात दोघंही चुकीच्या आकड्यावर भांडतायत. बायको ३८ हजार बेसिक धरून बसलीये आणि तू १४ लाख भागिले १२ करून एक लाख सोळा हजार म्हणतोयस. दोन्ही खोटं.

सरकारी बाजू आधी. कनिष्ठ अभियंत्याची वेतनश्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८००. सुरुवात ३८,६०० वर. त्यावर महागाई भत्ता, तो बदलत राहतो, मी हिशोबाला ५५ टक्के धरते, म्हणजे २१,२३०. घरभाडे भत्ता मुंबई-ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात पोस्टिंग असेल तर ३० टक्के, ११,५८०. झाले ७१,४१०. प्रवास भत्ता थोडा वेगळा येतो तो मी धरतच नाही. यातून एनपीएस या पेन्शन योजनेला बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के म्हणजे ५,९८३ कापले जातात, २०० प्रोफेशन टॅक्स, किरकोळ गटविमा. हातात ६५ हजार धर.

आता महापे. तू ऑफर लेटर सोबत पाठवलंस ते बरं केलंस, तशी पाठवतं कोण, सगळे नुसतं पॅकेज सांगतात. तुझ्या १४ लाखात दीड लाख व्हेरिएबल आहे, एक लाख रिटेन्शन बोनस आहे जो बारा महिने पूर्ण झाल्यावरच मिळणार, कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी साधारण साडेतेहतीस हजार, आणि मेडिक्लेमचा प्रीमियम जवळजवळ पंधरा हजार. हे सगळं बाजूला काढलं की राहतात १० लाख ८० हजार, महिन्याला ९०,०००. तुझा पीएफ १,८०० आणि २०० प्रोफेशन टॅक्स गेला की हातात ८८ हजार. इन्कम टॅक्स दोन्हीकडे सोडून देऊ, नव्या रिजीममध्ये पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, महापेला व्हेरिएबल आणि रिटेन्शन दोन्ही पूर्ण मिळालं तरच लागेल.

ग्रॅच्युइटीचं एक सांगून टाकते. ते साडेतेहतीस हजार पॅकेजमध्ये दिसतात पण पर्मनंट माणसाला पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय साधारणपणे मिळत नाहीत, आणि तुझ्या फील्डमध्ये पाच वर्षं एका कंपनीत कोण राहतं! म्हणजे तो आकडा कागदावरचाच समज. व्हेरिएबलचंही लेटरमध्ये ‘कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून’ असं लिहिलंय, किती टक्के तुझ्या कामावर आणि किती कंपनीच्या नफ्यावर हे कुठेच नाही. पहिल्या वर्षी शून्य धर. आलं तर आलं.

तर ८८ आणि ६५, फरक २३ हजारांचा. इथे सगळे थांबतात. आता पीएफकडे नीट बघ. तुझं बेसिक ५८ हजार, पण कंपनी पीएफ कापणार १५ हजारांवर, म्हणजे १,८०० तू आणि १,८०० कंपनी, महिन्याला ३,६०० साठणार. हे कायद्यात बसतं, बऱ्याच कंपन्या असंच करतात. आणि सरकारी बाजूला तुझे ५,९८३ आणि सरकारचा वाटा १४ टक्के म्हणजे ८,३७६, मिळून १४,३५९. म्हणजे म्हातारपणासाठी तिकडे दरमहा पावणेअकरा हजार जास्त साठतायत आणि ते तुला दिसतच नाहीत कारण हातात येत नाहीत. ते वजा केलं तर खरा फरक राहतो बारा-साडेबारा हजार. तुझ्या घरात चाललेलं महाभारत या बारा हजारांचं आहे.

बायकोलाही हेच दाखव. नुसतं ‘सरकारी चांगली’ म्हणू नकोस, हे दोन कागद शेजारी ठेव.

मात्र पाच वर्षांनंतर चित्र बदलतं आणि तिथे तुझी बायको बरोबर आहे. सरकारी इन्क्रिमेंट वर्षाला ३ टक्के, त्यामुळे तक्त्यात ३८,६०० चे पाच इन्क्रिमेंटनंतर ४४,८०० होतात. महागाई भत्ता वाढतो तो वेगळा, आणि मध्ये वेतन आयोग आला तर उडी बसते, पण ती उडी राज्यात उशिरा पोचते. सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला पण महाराष्ट्रात पगारात प्रत्यक्ष दिसला २०१९ च्या सुरुवातीला. प्रमोशन नाही मिळालं तरी १०, २० आणि ३० वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरची श्रेणी मिळते, दहा वर्षं हा आकडा लक्षात ठेव. प्रायव्हेटमध्ये दरवर्षी १२ टक्के वाढ मिळाली तर ९० हजारांचे पाच वर्षांत दीड लाखाच्या वर जातात. मिळाली तर. आणि ती एकाच कंपनीत बसून फार कमी जणांना मिळते, दोन-तीन वर्षांनी कंपनी बदलून मिळते, म्हणजे तुझ्या हातात दुसरीकडे विकता येईल असं काहीतरी असावं लागतं.

ते तुझ्याकडे आहे का? माझ्या मते आहे. तू पत्रात एका ओळीत लिहून गेलायस की प्रायमावेरा सॉफ्टवेअरमध्ये शेड्यूल बनवणं तुला साईटपेक्षा आवडतं. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर एकामागोमाग एक उभी राहतायत, आणि डेटा सेंटर म्हणजे नुसती बिल्डिंग नसते, सिव्हिल संपायच्या आधीच इलेक्ट्रिकल, जनरेटर, कूलिंगची माणसं आत शिरतात, एकाचं काम चार दिवस लांबलं की पुढच्या सहा जणांचं अडतं. तिथे दोन वर्षं प्लॅनिंग केलेला माणूस पुढे मेट्रो, एअरपोर्ट, हॉस्पिटल कुठेही चालतो. कामाच्या दृष्टीने ही ऑफर चांगली आहे, माझी शंका कंपनीवर आहे.

आता कंपनी कशी तपासायची. गुगलवरचे रिव्ह्यू वाचून काही होत नाही, अर्धे रागाने लिहिलेले असतात, अर्धे एचआरने लिहून घेतलेले. त्यापेक्षा ईपीएफओ, म्हणजे पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था, तिच्या साईटवर जा, तिथे `Establishment Search` आहे. लॉगिन लागत नाही. कंपनीचं नाव टाक, कॅप्चा भर, यादीत कंपनी सापडली की `View Details` आणि मग पेमेंट डिटेल्स. तिथे महिन्यामहिन्याला कंपनीने पीएफ किती भरला, कोणत्या तारखेला भरला आणि किती कर्मचाऱ्यांचा भरला हे दिसतं. कोणालाही दिसतं, आणि तरी नोकरी शोधणारे दहातले नऊ जण बघत नाहीत.

काय बघायचं तिथे? पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. एखाद-दुसरा महिना उशीर झाला तर अकाउंट्सचा गोंधळ म्हणून सोडून दे. पण सलग चार-पाच महिने १५ च्या ऐवजी २८ ला, मग पुढच्या महिन्याच्या १० ला, असं सरकत चाललं असेल तर समज कंपनीकडे रोख पैसा नाही, आणि पीएफ लांबवणारी कंपनी पुढे पगारही लांबवते. दुसरं, माणसांची संख्या. एचआर तुला म्हणाला ना ‘आम्ही १५० जण आहोत आणि झपाट्याने वाढतोय’? मग तिथे मागच्या वर्षी किती होते आणि आता किती हे बघ. ९० चे १४० झाले असतील तर तो खरं बोलतोय. १४० चे ९० झाले असतील तर तुला कोणाच्या जागी घेतायत हा प्रश्न विचार. थोडा फरक चालेल, काही लोक कन्सल्टंट म्हणून बाहेरून असतात, त्यांचा पीएफ नसतो, पण मग विचार की निम्मी टीम कन्सल्टंट का आहे. एक सावधगिरी बाळग, एकाच ग्रुपच्या दोन-तीन कंपन्या वेगवेगळ्या नावाने असतात, ऑफर लेटरच्या तळाशी जे पूर्ण रजिस्टर्ड नाव आहे तेच टाक.

मग एमसीए, म्हणजे कंपनी मंत्रालयाची साईट, तिथे फुकट लॉगिन करून कंपनीचा मास्टर डेटा बघता येतो. शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा भरलाय एवढं बघ, आणि चार्जेस म्हणजे कोणत्या बँकेचं कर्ज आहे ते. कर्ज असणं वाईट नाही, बांधकामवाल्यांना लागतंच. पण चार वर्षांच्या कंपनीने दोन वर्षांचा ताळेबंदच भरला नसेल तर मी तिथे जाणार नाही, बाकी कितीही गोड बोलू देत.

आणि इंटरव्ह्यू घेणाऱ्याला सरळ विचार की सध्या हातात किती प्रोजेक्ट आणि किती क्लायंट. तुझ्या पत्रात एकाच क्लायंटचं नाव दोनदा आलंय. चार वर्षांची कंपनी आणि एकच मोठा क्लायंट असेल तर तुझी नोकरी महापेच्या कंपनीवर नाही, त्या क्लायंटच्या पुढच्या फेजवर अवलंबून आहे. फेज टू पुढे ढकलली की पहिले जातात ते प्लॅनिंग आणि बिलिंगवाले. हे त्यांनाही माहीत असतं, विचारलंस म्हणून कोणी रागावत नाही, रागावला तर तेही उत्तरच.

आता सरकारीला सगळे सेफ सेफ म्हणतात त्याबद्दल. पगार सेफ आहे, त्यात वाद नाही. पण कनिष्ठ अभियंता हे टेबलावरचं काम नाही. ठेकेदाराने जे काम केलं ते साईटवर मोजून मोजमाप पुस्तकात, आपण ज्याला एमबी म्हणतो त्यात, पहिली नोंद तू करणार आणि सही तुझी. त्यावरून बिल निघणार. डांबराची जाडी ५० मिमी लिहिलीस आणि तीन वर्षांनी कोणी तक्रार करून रस्त्यातून कोअर म्हणजे नमुने काढले आणि ३५ निघाले, तर पहिली नोटीस एमबी लिहिणाऱ्याला येते. उपअभियंता तपासणी करतो, त्याचीही सही असते, पण सुरुवात तुझ्यापासून. विभागीय चौकशी लागली की ती वर्षानुवर्षं चालते, तोवर प्रमोशन अडकतं, निलंबन झालं तर निर्वाह भत्त्यावर राहायचं. नोकरी जात नाही सहसा, पण माणूस आतून संपतो, मी बघितलेत असे. आणि ‘साहेब, एवढं लिहा ना’ हे पहिल्या महिन्यातच ऐकू येईल, कधी ठेकेदाराकडून, कधी वरून. मी घाबरवत नाहीये, नीट काम करणारे आणि नीट निवृत्त होणारे अभियंते पुष्कळ आहेत. ते काय करतात माहितीये? टेप घेऊन स्वतः जातात, ऑफिसात बसून एमबी भरत नाहीत, आणि तोंडी आदेश असेल तर त्याचं लेखी टिपण ठेवतात. तुला हे रोज जमेल का, हा प्रश्न पगारापेक्षा मोठा आहे, आणि त्याचं उत्तर ना बाबा देऊ शकतात ना मी.

पोस्टिंगचं पण बघ. बाबांच्या डोक्यात ठाण्याचं ऑफिस आहे. विभाग वाटपात कोकण विभाग मिळाला म्हणजे ठाणे मिळालं असं नसतं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आहेत, सावंतवाडी पण कोकणच. आणि कोकणच मिळेल हेही नक्की नाही. जव्हार-मोखाड्याकडे किंवा आणखी लांब गेलास तर घरभाडे भत्ता ३० वरून १० टक्क्यांवर येतो, ११,५८० चे ३,८६०, म्हणजे हातात साडेसत्तावन्न हजार, आणि कळव्याचा हप्ता तर चालूच. भाडं तिकडे स्वस्त असतं, आदिवासी भागात वेगळे लाभही मिळतात, पण दोन चुली पेटणार. साधारण तीन वर्षांनी बदली होते. बायको सोबत येणार की कळव्यात बाबांकडे राहणार, हे आत्ताच बोलून घ्या, ऑर्डर आल्यावर जॉईन व्हायच्या मुदतीत हे बोलणं होत नाही, नुसता आरडाओरडा होतो.

एक गैरसमज काढते कारण तुझ्या मित्राने तुला तसं सांगितलंय. ‘सरकारी जॉईन हो, मग लियन ठेवून प्रायव्हेट कर, नाही जमलं तर परत ये.’ असं नसतं रे. लियन, म्हणजे जुन्या पदावरचा हक्क, दुसऱ्या सरकारी पदावर जाताना असतो. सरकारी नोकरीत असताना खासगी नोकरी करायला वर्तणूक नियमांत बंदी आहे, आणि रजा टाकून गुपचूप केलीस तर पीएफवरून लगेच सापडतोस. राजीनामा दिला की ते पद गेलं. एनपीएसचे पैसे जात नाहीत, प्राण नंबर, म्हणजे त्याचा खाते क्रमांक, तोच पुढे चालतो, एवढं बरं आहे. पण आता निम्म्या पगाराच्या पेन्शनच्या ज्या नव्या योजना आल्यात त्यांचं तसं नाही. केंद्राच्या एकीकृत योजनेत २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या निम्मं मिळतं, आणि मध्येच राजीनामा दिलास तर ती हमी मिळत नाही. राज्यानेही २०२४ मध्ये त्याच धर्तीवर पर्याय आणलेत. तुझ्या बॅचला कोणता हे ऑर्डर आल्यावर आस्थापना शाखेत विचार, आणि पर्याय भरून द्यायची तारीख चुकवू नकोस.

उलट बाजूने परत येता येतं का? वयाने येतं. खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३ पर्यंत अर्ज करता येतो, तू २७ चा आहेस. पण १२ तासांची डेटा सेंटरची ड्युटी करून परत अभ्यासाला बसणं, आणि भरती निघेल तेव्हाच निघणार, हे कागदावर जितकं सोपं दिसतं तितकं नाही. मी हा रस्ता बंदच धरते.

मग करायचं काय? महापेला हो म्हण, पण दोन गोष्टी बदलून घेऊन. एक, पीएफ पूर्ण बेसिकवर कापायला सांग. कंपनीचा वाटा १,८०० वरून ६,९६० होईल, ते म्हणतील पॅकेज तेच राहील आणि हातात कमी येईल. येऊ दे. दोन, नोटीस पिरियड. तुझ्या लेटरमध्ये कन्फर्मेशननंतर ९० दिवस लिहिलेत, प्रोबेशनमधलं काहीच लिहिलेलं नाही. सगळा खेळ इथे आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, त्यात नोटीस ३० दिवस करून घे. ऑर्डर आली तर जॉईन व्हायला मुदत थोडीच मिळते, मुदतवाढीचा अर्ज करता येतो पण देणं न देणं त्यांच्या हातात, आणि ९० दिवसांची नोटीस गळ्यात असेल तर तू दोन्हीकडून अडकशील. रिटेन्शन बोनस वर्षानंतरच मिळणार म्हणजे आधी निघालास तर परत करण्यासारखं काही नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

हे नैतिक आहे का असं तू विचारशील, तुझ्या पत्राचा सूर तसा आहे. मला तरी यात फसवणूक दिसत नाही, कंपन्याही ऑफर देऊन जॉईनिंगच्या आदल्या आठवड्यात मागे घेतात. फक्त खोटं बोलायचं नाही. फॉर्ममध्ये किंवा तोंडी विचारलं की दुसरीकडे निवड झालीये का, तर हो सांग. आणि सरकारी साक्षांकन नमुन्यात आत्तापर्यंतच्या सगळ्या नोकऱ्या विचारतात, तिथे महापे लिहायचं, तीन महिने केलं असेल तरी लिहायचं. लपवलेली माहिती पुढे नियुक्ती रद्द करायला कारण ठरते, आणि एवढ्याशा गोष्टीसाठी लोकांनी हातातली ऑर्डर घालवलीये.

आत्ता ४६ हजारांत तुमचं घर हप्त्यासकट चालतंय. ८८ आले की वरचे ४२ घरात दाखवूच नकोस, वेगळ्या खात्यात टाक. गाडी नाही, मोठा टीव्ही नाही, कोणी कितीही म्हणू दे. पीएफ पूर्ण बेसिकवर गेला तर ४२ चे ३० च्या आसपास होतील, कारण तुझा वाटाही वाढतो आणि कंपनीचा वाटाही पॅकेजमधूनच निघतो, तरी सहा महिन्यांत पावणेदोन-दोन लाख जमतात, म्हणजे नोकरी गेली तर चार महिने घर चालेल. तुझ्या फील्डमध्ये अनुभव असलेल्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला साधारण तेवढा वेळ लागतोच. ही रक्कम जमली तर प्रायव्हेटची रिस्क घ्यायची तुझी ऐपत झाली. सहा महिन्यांनी खात्यात तीस हजारच असतील, तर ऐपत नाही, मग वाढ कितीही असो.

आणि ऑर्डर आली त्या दिवशी? मी असं ठरवीन. पोस्टिंग ठाणे, पालघर, रायगडच्या जवळच्या भागात असेल आणि महापेच्या कंपनीकडे अजूनही एकच क्लायंट असेल, तर सरकारी. बारा हजारांच्या फरकासाठी एका क्लायंटवर घर टांगून ठेवायचं नाही. कंपनीकडे दुसरा प्रोजेक्ट आलेला असेल, पीएफ वेळेवर भरला जात असेल, माणसं वाढत असतील आणि काम तुला आवडत असेल, तर राहा, आणि पोस्टिंग दूरची असेल तर बिनधास्त राहा. मधलं काही असेल तर माझा कल सरकारीकडे, कारण कमावणारा तू एकटा आहेस. बायको उद्या कमवायला लागली तर हेच उत्तर मी उलटं देईन. तिने पत्रात कुठेच स्वतःच्या नोकरीबद्दल काही म्हटलेलं नाही, किंवा तू लिहिलं नाहीस. विचार तिला.

बाबांचं म्हणशील तर त्यांना समजवायला जाऊ नकोस. वागळे इस्टेटपासून बेलापूरपर्यंत ज्यांनी गेटवर नोटीस चिकटलेली बघितलीये, ज्यांचा हिशोब वर्षानुवर्षं लिक्विडेटरकडे अडकला आणि आज कारखान्याच्या जागी उभा टॉवर बघतायत, त्यांना तू ग्रोथ सांगणार? त्यांना ईपीएफओचा तो तक्ता दाखव. त्यांच्या काळात कंपनी पीएफ भरत नाहीये हे कामगाराला शेवटच्या दिवशी कळायचं, आता दर महिन्याला दिसतं. दर महिन्याच्या २० तारखेला तो तक्ता बघायचं काम त्यांनाच दे. मनापासून करतील, आणि तुझ्यापेक्षा बारकाईने करतील.

दहा दिवसांपैकी आज-उद्या ईपीएफओ आणि एमसीए बघून घे. सोमवारी एचआरला मेल कर, पीएफ पूर्ण बेसिकवर आणि प्रोबेशनमध्ये नोटीस ३० दिवस, दोन ओळी बस. तो फोन करून म्हणेल ‘अरे हो, ते होऊन जाईल, तू साइन करून टाक’. साइन करू नकोस. सुधारलेलं लेटर आलं तरच सही, आणि सही करून झाल्यावर घणसोलीला राजीनामा.